टोकाच्या पदाचा हिशेब : शून्य आणि अनंतापर्यंतचे खंडशः समाकलन

खंडशः समाकलनाचे सूत्र, म्हणजे महाविद्यालयात ज्याला सर्रास ‘बाय पार्ट्‌स’ म्हणतात ते, दोन फलनांच्या गुणाकाराच्या अवकलनातून निघते. uv चे अवकलन केले की u′v आणि uv′ यांची बेरीज मिळते. ही बेरीज a पासून b पर्यंत समाकलित केली आणि एक पद पलीकडे नेले, की सूत्र तयार होते :

∫ₐᵇ u v′ dx = [u v]ₐᵇ − ∫ₐᵇ u′ v dx

ब्रूक टेलर या इंग्रज गणितज्ञाने ही कल्पना १७१५ मध्ये प्रसिद्ध केली. सूत्र वापरताना बहुतेकांचे लक्ष शेवटच्या समाकलावर असते, कारण तो मूळ समाकलापेक्षा सोपा व्हावा यासाठीच सगळा खटाटोप केलेला असतो. मधला चौकटी कंस मात्र ‘वरची किंमत वजा खालची किंमत’ एवढे करून निकालात काढला जातो. a आणि b या साध्या संख्या असतील आणि u, v दोन्ही तिथे नीट वागत असतील, तर त्यात काही चूक नाही. पण b च्या जागी अनंत आले, किंवा a = 0 असून तिथे लॉगरिथमसारखे एखादे फलन खोल गर्तेत जात असेल, तर ‘किंमत घालणे’ या क्रियेलाच अर्थ राहत नाही. अनंत ही संख्या नाही, आणि शून्याचा लॉगरिथम अस्तित्वात नाही. तरीही वह्यांमधून e^(−∞) = 0 किंवा 0 × ∞ = 0 असे बिनदिक्कत लिहिलेले आढळते. पुष्कळदा उत्तर बरोबरही येते, आणि त्यामुळेच ही सवय सुटत नाही.

अनंतापर्यंतच्या समाकलाचा मूळ अर्थ असा आहे : आधी एका मोठ्या पण सांत संख्येपर्यंत, समजा R पर्यंत, समाकलन करायचे आणि मग R वाढत जाताना ते उत्तर कुठे स्थिरावते ते पाहायचे. शून्याशी अडचण असेल तर तिथूनही थोडे अलीकडे, ε या लहानशा धन संख्येपाशी, सुरुवात करायची आणि मग ε ला शून्याकडे न्यायचे. ε आणि R यांच्या मधल्या पट्ट्यात सर्व काही सुरळीत असते, त्यामुळे तिथे वरचे सूत्र तंतोतंत खरे असते. त्यात तीन घटक आहेत : डावीकडचा समाकल, कंस आणि उजवीकडचा समाकल. सीमा घेताना यांपैकी कोणतेही दोन स्थिरावले तर तिसराही स्थिरावतोच. उलट कंस अनंताकडे धावू लागला, तर एवढेच कळते की उरलेल्या दोन समाकलांपैकी निदान एक तरी स्थिरावत नाही. तो मूळचाच समाकल असेल असे नाही. बहुतेक गोंधळ या शेवटच्या वाक्याकडे दुर्लक्ष झाल्याने होतो.

सुरुवात एका जुन्या आणि सरळ उदाहरणापासून करता येईल. ऑयलर यांनी ८ जानेवारी १७३० च्या पत्रात गोल्डबाख यांना n! म्हणजे १ पासून n पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार एका समाकलाच्या रूपात कळवला. −ln x चा n वा घात 0 ते 1 समाकलित केला की n! मिळतो. x च्या जागी e^(−t) घातले की त्याच समाकलाला आज परिचित असलेले रूप येते :

∫₀^∞ tⁿ e^(−t) dt = n!

n = 3 घेऊ. u = t³ आणि v′ = e^(−t) धरले तर v = −e^(−t). 0 ते R या पट्ट्यात सूत्र लावले की कंसातून −R³ e^(−R) येते, आणि त्याच्या जोडीला 3 ∫ t² e^(−t) dt राहतो. आता प्रश्न एकच : R वाढत जाताना R³ e^(−R) चे काय होते? R³ फुगत जाते, e^(−R) आकसत जाते, आणि ‘अनंत गुणिले शून्य’ या ओळीतून दोघांपैकी कोण जिंकेल ते कळत नाही.

काही किमती काढून पाहिल्या तर चित्र असे दिसते. R = 1 असताना गुणाकार सुमारे ०.३७ आहे. R = 3 असताना तो वाढून १.३४ होतो. R = 10 ला तो ०.०४५ वर येतो आणि R = 20 ला साधारण ०.००००१६ एवढाच उरतो. म्हणजे तो आधी चढतो, मग घसरतो. t³ ऐवजी t²⁰ घेतले तर हा चढाव t = 20 पर्यंत चालू राहतो, आणि तिथे गुणाकाराची किंमत २ वर १७ शून्ये एवढ्या आकड्याच्याही पुढे गेलेली असते. दोन-चार लहान किमती कॅल्क्युलेटरवर घालून पाहणाऱ्याला तिथे गुणाकार अनंताकडेच निघाला आहे असे वाटेल. किमती काढण्याने अंदाज येतो, निर्णय होत नाही.

निर्णय e^t च्या श्रेढीतून होतो. e^t = 1 + t + t²/2! + t³/3! + t⁴/4! + … या श्रेढीत t धन असताना प्रत्येक पद धन असते, म्हणून संपूर्ण बेरीज तिच्यातल्या कोणत्याही एका पदापेक्षा मोठीच असते. चौथ्या घाताचे पद निवडले तर e^t > t⁴/24, आणि त्यावरून

t³ e^(−t) < 24/t

उजवी बाजू t वाढताना शून्याकडे जाते, आणि डावी बाजू धन राहून तिच्याखाली दबलेली असल्याने तीही शून्याकडे जाते. घात कितीही असो, युक्ती तीच : tⁿ साठी श्रेढीतले (n+1) व्या घाताचे पद घ्यायचे, म्हणजे tⁿ e^(−t) < (n+1)!/t मिळते. घातांकी फलन कोणत्याही घाताला अखेर मागे टाकते, या नेहमी ऐकलेल्या विधानाची ही पूर्ण सिद्धता आहे.

शून्याच्या टोकाशी t³ ची किंमत शून्य आहे, तिथे काही अडत नाही. कंस गेला, ∫ t³ e^(−t) हा 3 ∫ t² e^(−t) झाला, पुढे 3·2 ∫ t e^(−t), मग 3·2·1 ∫ e^(−t). इथवर प्रत्येक कंस दोन्ही टोकांना शून्य होता. आता शेवटच्या पायरीवर [−e^(−t)] या कंसात वरच्या टोकाशी 0 आणि खालच्या टोकाशी −1 आहे, त्यामुळे वजाबाकी 1 येते. आधीच्या तीन पायऱ्यांची सवय लागून इथेही ‘दोन्ही टोके शून्य’ असे लिहिले, तर 3! = 0 असे उत्तर निघेल. घात संपला की शून्याच्या टोकाचे पद शून्य उरत नाही. म्हणून प्रत्येक पायरीवर दोन्ही टोके स्वतंत्रपणे पाहावी लागतात.

घात अपूर्णांक असेल तर शून्याचे टोक आणखी जागरूकपणे पाहावे लागते. t^s शून्याकडे जाताना शून्य होते ते फक्त s धन असताना. s = 0 ला ते 1 राहते, आणि s ऋण झाला की ते अनंताकडे जाते. s = −1/2 असेल तर t = ०.०००१ पाशीच किंमत १०० होते. इथे e^(−t) काहीही मदत करत नाही, कारण शून्यापाशी ते जवळपास 1 असते. घातांकी फलनाचा सगळा जोर अनंताच्या टोकाला आहे. शून्याच्या टोकाला घाताचेच राज्य असते.

शून्यापाशी सर्वांत जास्त भेटणारे अडचणीचे फलन म्हणजे लॉगरिथम. 0 ते 1 मध्ये ln x चे समाकलन करताना u = ln x, v = x घेतात, आणि कंस [x ln x] असा येतो. शून्याशी x शून्याकडे जातो आणि ln x उणे अनंताकडे. किमती अशा : x = 0.1 ला −०.२३, x = 0.01 ला −०.०४६, x = 0.001 ला −०.००६९. गुणाकार शून्याकडे निघालेला दिसतो, पण ‘शून्य गुणिले काहीही म्हणजे शून्य’ हे त्याचे कारण नव्हे. x आणि 1/x यांच्यापैकीही एक शून्याकडे आणि दुसरा अनंताकडे जातो, तरी त्यांचा गुणाकार कायम 1 राहतो. X आणि 1/x² यांचा गुणाकार तर अनंताकडे जातो.

खरे कारण x = e^(−t) घातले की उलगडते. x शून्याकडे जातो तेव्हा t अनंताकडे जातो, आणि x ln x चे −t e^(−t) होते. हा तर आधीच सोडवलेला प्रश्न आहे! शून्यापाशी लॉगरिथमची x च्या धन घाताशी जी लढत होते, ती अनंतापाशी घाताच्या आणि घातांकी फलनाच्या लढतीचेच दुसरे रूप आहे. ऑयलर यांचा मूळ समाकल 0 ते 1 मधला लॉगरिथमचा होता आणि आजचा 0 ते ∞ मधला घातांकी फलनाचा आहे, ते याच बदलामुळे. म्हणून x च्या कोणत्याही धन घाताला ln x चा कोणताही घात गुणला तरी शून्यापाशी सीमा शून्यच येते. हे एकदा पटले की वेगळे पाठांतर करावे लागत नाही. लोपिताल यांच्या नियमानेही हेच निघते, पण तिथे मांडणी जपून करावी लागते. ln x भागिले 1/x असे लिहून वर-खाली अवकलन केले तर −x मिळतो आणि काम संपते. x भागिले 1/ln x असे लिहिले तर अवकलनानंतर −x (ln x)² येते, म्हणजे गाठ सुटण्याऐवजी आणखी आवळते.

आता एक असे उदाहरण, ज्यात सरळ पद्धत कोलमडते :

∫₀¹ ln x / (1 + x)² dx

शून्यापाशी छेद जवळपास 1 आहे, त्यामुळे हा समाकल तिथे ∫ ln x सारखाच वागतो, आणि तो सांत आहे हे नुकतेच पाहिले. u = ln x घ्यायचे आणि 1/(1+x)² चे समाकलन करून v = −1/(1+x) मांडायचे, हे कोणीही करेल. कंस होतो [−ln x/(1+x)], आणि उरलेला समाकल ∫ 1/(x(1+x)) dx. वरच्या टोकाशी ln 1 = 0 असल्याने काही नाही. खालच्या टोकाशी मात्र कंसाचा वाटा ln ε/(1+ε) इतका आहे, आणि तो ε लहान होताना उणे अनंताकडे जातो. उरलेला समाकल 1/x मुळे अधिक अनंताकडे जातो. ‘उणे अनंत अधिक अनंत’ असे लिहून कोणी शून्य म्हणतो, कोणी ‘समाकल अपसारी आहे’ असे ठरवून पान उलटतो. दोन्ही चूक.

ε = 0.001 घेऊन आकडे पाहिले तर आत काय चालले आहे ते दिसते. कंसाची किंमत −६.९००९ येते. उरलेल्या समाकलाची किंमत ६.२१५६ येते. बेरीज −०.६८५२. ε आणखी लहान केला तर दोन्ही आकडे आणखी मोठे होतात, पण त्यांची बेरीज −०.६९३१ कडे, म्हणजे −ln 2 कडे सरकत जाते. मूळ समाकल शांत आहे. त्याचे दोन तुकडे करताना एका तुकड्यात अनंत घातला गेला आणि दुसऱ्यात तेवढाच काढून घेतला गेला, इतकेच. इथे ε ठेवून संपूर्ण हिशेब केला आणि शेवटी एकदाच सीमा घेतली तर उत्तर बरोबर येते. दोन तुकड्यांच्या सीमा वेगवेगळ्या घेता येत नाहीत.

पण याहून देखणा मार्ग आहे, आणि त्यासाठी एका विसरल्या गेलेल्या गोष्टीकडे वळावे लागते. v′ वरून v काढताना एक स्थिरांक मिळवायची मोकळीक असते. निश्चित समाकलात तो शेवटी कटतो, म्हणून बहुतेक जण तो शून्यच धरतात. मात्र तो कंसात किती पडेल आणि उरलेल्या समाकलात किती, ही वाटणी त्याच्याच हातात असते. इथे तो 1 धरावा :

v = 1 − 1/(1 + x) = x/(1 + x)

आता v शून्यापाशी स्वतःच शून्य होतो, आणि ln x ला तोंड देण्यासाठी x चा एक घात हाताशी येतो. कंस [x ln x/(1+x)] दोन्ही टोकांना शून्याकडे जातो. उरलेल्या समाकलात 1/x आणि x कटतात आणि −∫₀¹ 1/(1+x) dx एवढेच राहते, म्हणजे −ln 2. एका ओळीत काम झाले. ε = 0.001 ला पडताळा पाहिला तर कंस ०.००६९, उरलेला समाकल −०.६९२१, बेरीज पुन्हा −०.६८५२. आधीच्या मांडणीत हाच आकडा सहा-सात एवढ्या मोठ्या दोन संख्यांच्या वजाबाकीतून आला होता. ε जितका लहान, तितक्या त्या संख्या मोठ्या, आणि संगणकावर अशी वजाबाकी करताना अचूक अंक गमावले जातात. म्हणून योग्य स्थिरांक निवडण्याला कागदावरच्या सोयीपलीकडेही मोल आहे.

यातून निघणारा संकेत साधा आहे. u ज्या टोकाशी बिघडतो, त्या टोकाशी v शून्य होईल असा स्थिरांक निवडावा. ∫₀¹ ln(1 − x) dx मध्ये बिघाड x = 1 पाशी आहे, म्हणून तिथे v = x न घेता v = x − 1 घेतला की कंस नीट वागतो आणि −1 हे उत्तर लगेच येते.

दोन्ही टोके एकदम बिघडली तर? वरचाच समाकल 0 ते ∞ घेतला की तसेच होते, कारण ln x शून्यापाशी उणे अनंताकडे आणि अनंतापाशी अधिक अनंताकडे जातो. शून्यासाठी v = x/(1+x) हवा, पण तो अनंतापाशी 1 होतो आणि कंस ln R सारखा वाढत जातो. अनंतासाठी v = −1/(1+x) हवा, पण त्याने शून्याशी काय केले ते आताच दिसले. एकच स्थिरांक दोघांना पुरत नाही. मार्ग असा, की समाकल x = 1 पाशी तोडावा आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा स्थिरांक द्यावा. पहिला तुकडा −ln 2 आहे. दुसऱ्यात v = −1/(1+x) घेतला की कंस [−ln x/(1+x)] अनंतापाशी शून्याकडे जातो, कारण ln R भागिले R शून्याकडेच जाते, आणि 1 पाशी तो शून्यच आहे. राहतो ∫₁^∞ 1/(x(1+x)) dx, ज्याची किंमत ln 2 आहे. दोन्ही मिळून

∫₀^∞ ln x / (1 + x)² dx = 0

याचा पडताळा घेण्याची एक स्वतंत्र रीतही आहे. x च्या जागी 1/x घातला तर समाकल स्वतःच्याच उणे रूपात बदलतो, आणि जी संख्या स्वतःच्या उण्याएवढी आहे ती शून्यच असते. तोडण्यासाठी 1 हा बिंदू निवडण्यामागेही हेतू होता : तिथे ln 1 = 0 असल्याने सांध्यावर दोन्ही बाजूंनी काहीच शिल्लक राहत नाही. दुसरा कोणताही बिंदू चालला असता, फक्त सांध्यावरच्या दोन पदांचा हिशेब ठेवावा लागला असता.

अनंताच्या टोकाशी आणखी एक समजूत घर करून बसलेली आहे : समाकल सांत असेल तर फलन अनंतापाशी शून्याकडे जातच असणार, म्हणून कंस शून्य. प्रकाशाच्या विवर्तनाच्या अभ्यासात येणारा आणि फ्रेनेल यांच्या नावाने ओळखला जाणारा ∫₀^∞ cos(x²) dx हा समाकल ही समजूत खोटी ठरवतो. cos(x²) कधीच विझत नाही. ते −1 आणि 1 यांच्यामध्ये हेलकावे घेतच राहते, फक्त हेलकावे अधिकाधिक जवळ येत जातात आणि लागोपाठचे वरचे-खालचे भाग एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. समाकलाची किंमत √(π/8), म्हणजे सुमारे ०.६२६७ आहे.

इथे u = cos(x²) आणि v = x घेतले तर कंस R cos(R²) होतो. तो अनंताकडेही जात नाही आणि शून्याकडेही नाही. −R आणि R यांच्यामध्ये वाढत्या झोक्याने फिरत राहतो. त्याला सीमाच नाही. चांगली निवड वेगळी आहे. cos(x²) ला 2x ने गुणून आणि भागून, 2x cos(x²) हा v′ आणि 1/(2x) हा u धरला, तर v = sin(x²) येतो आणि

∫ cos(x²) dx = [sin(x²)/(2x)] + ½ ∫ sin(x²)/x² dx

असे होते. आता sin ची किंमत 1 च्या वर जाऊ शकत नाही, म्हणून अनंतापाशी कंस 1/(2R) च्या आत अडकून शून्याकडे जातो. शून्यापाशी u अनंताकडे जातो, पण sin(x²) तिथे x² सारखे वागते, त्यामुळे कंस x/2 सारखा होऊन तोही शून्य होतो. उरलेल्या समाकलात छेदात x² असल्याने तो सरळ सांत आहे. तीनपैकी दोन घटक स्थिरावले, म्हणून तिसरा, म्हणजे मूळ समाकलही, स्थिरावतो हे सिद्ध झाले. अशा ठिकाणी खंडशः समाकलन किंमत काढण्यासाठी नसून समाकल सांत आहे हे दाखवण्यासाठी केले जाते, आणि सिद्धतेचा सगळा भार कंस स्थिरावण्यावर असतो.

आतापर्यंत कंस शून्य होणे ही सोय होती. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना भेटणाऱ्या लाप्लास रूपांतरात मात्र कंसाचे शून्य नसणे हेच कामाचे असते. f′(t) ला e^(−st) ने गुणून 0 ते ∞ समाकलन केले, तर

∫₀^∞ e^(−st) f′(t) dt = [e^(−st) f(t)]₀^∞ + s ∫₀^∞ e^(−st) f(t) dt

आणि कंसातून −f(0) बाहेर येतो. अवकल समीकरण सोडवताना सुरुवातीची स्थिती आपोआप समीकरणात शिरते ती याच पदातून. वरच्या टोकाचे पद शून्य होण्यासाठी मात्र अट आहे : e^(−st) ने f(t) ला मागे टाकले पाहिजे. f(t) = e^(2t) असेल तर s हा 2 पेक्षा मोठा हवा. s = 5 घेतला तर डावी बाजू 2/3 आणि उजवी बाजू −1 + 5/3, म्हणजे 2/3, असा मेळ बसतो. s = 1 घालून तीच सूत्रे डोळे झाकून वापरली तर डावीकडे 2/(1 − 2), म्हणजे −2, आणि उजवीकडे −1 − 1, म्हणजे पुन्हा −2 मिळते. दोन्ही बाजू जुळतात, आणि तरी उत्तर निरर्थक आहे, कारण डावीकडचे फलन 2e^t सगळीकडे धन आहे आणि त्याचा समाकल ऋण असूच शकत नाही. चूक पकडून दिली ती चिन्हाने. धन फलनाचे ऋण उत्तर आले, की आधी कंसाची वरची सीमा तपासावी.

याच सूत्रात एक टोक लपूनही बसू शकते. समजा f(t) हे t = 1 पर्यंत 0 आहे आणि त्यानंतर एकदम 1 होते, जसे दिव्याचे बटण दाबल्यावर होते. उडीचा क्षण सोडला तर f′ सगळीकडे 0 आहे, म्हणून डावी बाजू 0. उजवीकडे f(0) = 0, अनंताचे पद 0, आणि उरलेला समाकल s ∫₁^∞ e^(−st) dt म्हणजे e^(−s). शून्य बरोबर e^(−s) असे होऊन बसते. बिघाड शून्याच्या टोकाशीही नाही आणि अनंताच्याही नाही. सूत्राला u आणि v दोन्ही सलग हवे असतात, आणि f ची सलगता t = 1 पाशी तुटली आहे. पट्टा तिथे तोडून सूत्र दोनदा लावले, तर पहिल्या तुकड्याचा कंस 0 येतो. दुसऱ्या तुकड्याचा कंस 1 च्या लगेच पुढच्या किमतीपासून सुरू होतो आणि −e^(−s) देतो. त्याने उरलेला e^(−s) कटतो आणि दोन्ही बाजू शून्य होतात.